गाण्यातून गोष्ट सांगणारे सिनेमे सुचवताना: प्रश्न, निवड आणि क्रम

‘गाण्यांतून गोष्ट पुढे जाते असे काही चांगले सिनेमे सुचवा’ असे कोणी म्हटले की आपण पटकन दहा नावे सांगतो. त्यांत एक हिंदी, दोन इंग्रजी, एक जुना मराठी आणि एखादा नुकताच गाजलेला असतो. विचारणारा त्यातला भलताच सिनेमा आधी लावतो, चाळीस मिनिटांत उठतो आणि ‘हा प्रकार आपल्यासाठी नव्हे’ असे ठरवून टाकतो. सिनेमा बहुतेक वेळा चांगला असतो, क्रम मात्र चुकलेला असतो. पुढील टप्पे त्या क्रमाविषयी आहेत. त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. भावे नाट्यमंदिरात संगीत नाटके पाहण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि आता त्यांना परदेशातली माणसे गाण्यातून गोष्ट कशी सांगतात हे पाहायचे आहे.

टप्पा १: नाव सुचवण्याआधी तीन प्रश्न

‘तुम्हाला कोणते सिनेमे आवडतात?’ या प्रश्नाने काही हाती लागत नाही. त्याऐवजी असे विचारावे की, गाणे असलेली कोणती गोष्ट तुम्ही अलीकडे बसून पूर्ण पाहिली किंवा ऐकली? ती सिनेमातलीच असली पाहिजे असे नाही. कीर्तन, वगनाट्य, संगीत नाटक, दशावतार यांपैकी काहीही चालेल. दुसरा प्रश्न त्याच गोष्टीविषयी विचारावा, की नेमके कुठे कंटाळा आला? तिसरा प्रश्न अगदी व्यावहारिक आहे: पाहताना सोबत कोण असेल, सलग किती वेळ बसता येते आणि पडद्यावरची इंग्रजी वाक्ये कितपत वेगाने वाचता येतात?

बाईंची उत्तरे अशी होती. शेवटचे पूर्ण पाहिलेले नाटक ‘संगीत शारदा’. कंटाळा आला तो पदे दोन-दोनदा आळवली गेली तिथे, कारण ‘तोवर गोष्ट ताटकळत उभी राहते’. सोबत कोणी नसेल, दीड तासानंतर पाय आखडतात, इंग्रजी वाचता येते पण ओळ पटकन निघून जाते.

कंटाळ्याविषयीच्या त्या एका वाक्यात पुढची निवड जवळजवळ ठरून गेली. बाईंना गाण्याच्या कसबापेक्षा गाण्यामुळे गोष्टीत काय घडते हे पाहायचे होते. याच प्रश्नावर ‘तान ऐकता ऐकता वेळ कसा गेला कळले नाही, पण मधले संवाद रटाळ होते’ असे उत्तर मिळाले असते, तर त्यांना सुचवायचा सिनेमा पूर्ण वेगळा ठरला असता.

*तपासणी: या तीन उत्तरांनंतरही तुमच्या मनात आधीचीच यादी कायम असेल, तर तुम्ही स्वतःच्या आवडीचे सिनेमे सुचवत आहात.*

टप्पा २: सिनेमांची वर्गवारी गाण्याच्या कामावरून करावी

देश, भाषा किंवा काळ यांवरून केलेली वर्गवारी इथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक सिनेमातले एक मुख्य गाणे घेऊन दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गोष्टीतल्या माणसांना ते गाणे ‘गाणे’ म्हणून ऐकू येते का? दुसरी, ते गाणे काढून टाकले तर पुढचा प्रसंग समजतो का? या दोन प्रश्नांतून ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिल्या गटात गाणे रंगमंचावरचे असते. पात्रे तमासगीर, नर्तकी, गायक अशीच असतात, त्यामुळे ती गातात याचे कोणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘नटरंग’ (२०१०) हे या गटातले. परदेशी सिनेमांत बॉब फॉसी यांचा ‘कॅबरे’ (१९७२) यात बसतो. त्यातली जवळजवळ सगळी गाणी बर्लिनमधल्या एका क्लबच्या मंचावर होतात आणि बाहेर काय चालले आहे यावर तिरकस बोलतात. अपवाद एका गाण्याचा, ते उघड्यावरच्या बिअरच्या बागेत एक नाझी तरुण गाऊ लागतो आणि बसलेली माणसे एकेक करून उभी राहून त्याला साथ देतात. मंच सोडून गाणे बाहेर आले आहे हे लक्षात येताच पोटात गोळा येतो.

दुसऱ्या गटात पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात आणि गाणे संपते तेव्हा परिस्थिती बदललेली असते. कोणी शब्द दिलेला असतो, कोणी मन बदललेले असते, कोणी खोटे बोललेले असते. संगीत नाटक पाहिलेल्या माणसाला ही रीत नवी नाही.

तिसऱ्या गटात साधे बोलणेच उरत नाही, सगळेच गायले जाते. फ्रेंच दिग्दर्शक जाक देमी यांचा ‘द अंब्रेलाज ऑफ शेरबुर्ग’ (१९६४) हा त्याचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे.

चौथ्या गटात शब्द मागे पडतात आणि नाचच गोष्ट सांगतो. स्पॅनिश दिग्दर्शक कार्लोस साउरा यांचा ‘ब्लड वेडिंग’ (१९८१) इथे येतो. मूळ स्पॅनिश नाव ‘बोदास दे सांग्रे’ असे आहे आणि शोधताना ते ठाऊक असलेले बरे.

गाणे काढून पाहण्याच्या कसोटीबाबत एक सावधगिरी बाळगावी. अनेकांना ती कळली की ते लगेच ‘म्हणजे आपल्या सिनेमांतली गाणी नुसती ठिगळे’ असा निष्कर्ष काढतात. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मधले ‘प्यार किया तो डरना क्या’ काढून पाहा. शीशमहालात बादशहासमोर नाचता नाचता अनारकली उघड बंड करते, ते गाणे नसेल तर पुढच्या गोष्टीला आधारच राहत नाही. ते मंचावरचेही आहे आणि गोष्ट फिरवणारेही. गट भिंती घालण्यासाठी नाहीत, पहिला सिनेमा निवडण्यापुरतेच त्यांचे काम आहे.

टप्पा ३: पहिला सिनेमा निवडताना एकच गोष्ट नवी ठेवावी

सर्वाधिक चुका इथे होतात. भाषा नवी, काळ नवा, गाण्याची रीत नवी आणि विषयही नवा, असे सगळे एकदम समोर आले की प्रेक्षकाला धरायला काही राहत नाही. म्हणून विषय किंवा रीत यांपैकी किमान एक ओळखीची असावी. दोन्ही ओळखीच्या असतील आणि फक्त मुलूख नवा असेल तर उत्तम.

बाईंसाठी दुसऱ्या गटातला, नॉर्मन ज्युइसन यांचा ‘फिडलर ऑन द रूफ’ (१९७१) निवडला. कारण सांगण्यासाठी थोडे हरिपूरला जावे लागेल. सांगलीजवळच्या या गावचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवतो आणि मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित ते जुळवून देतो. ‘फिडलर’मध्ये रशियन साम्राज्यातल्या एका ज्यू खेड्यात तेव्या हा गरीब दूधवाला आपल्या थोरल्या मुलीचा, त्साइटेलचा हात तिच्या बापाच्या वयाच्या विधुर खाटकाला देऊ करतो. स्थळ आणणारी येंटे आहेच. बाप, मुलगी, जरठ वर आणि मध्यस्थ ही चौकट तीच आहे. फरक बापाच्या स्वभावात आहे: कांचनभट लोभी आहे, तेव्या मायाळू आहे आणि म्हणूनच तो शब्द मोडायला तयार होतो.

साम्य केवळ कथेत नाही, गाण्यांतही आहे. ‘शारदे’त नवऱ्याच्या वयाची थट्टा करणारे ‘म्हातारा इतुका न’ हे पद आहे. ‘फिडलर’मध्ये तिघी बहिणींच्या गाण्यात थोरली येंटेची नक्कल करत धाकट्यांना भलतीसलती स्थळे सुचवते. सुरुवातीला धाकट्या स्वप्नाळूपणे नवरा मागत असतात, गाणे संपेपर्यंत त्यांना घाम फुटलेला असतो. बाईंना ही जागा सांगावी लागली नाही, त्या स्वतःच हसल्या.

आता गाण्यामुळे गोष्टीत काय घडते ते पाहू, कारण बाईंची जिज्ञासा तीच होती. खाटीक तेव्याला गुत्त्यात बोलावतो. तेव्याला वाटते की त्याला आपली दुभती गाय हवी आहे. गैरसमज दूर होतो, तेव्या होकार देतो आणि त्या आनंदात गाणे सुरू होते. शेजारी बसलेले रशियन तरुण त्यात घुसतात. ज्यू माणसे क्षणभर आक्रसून उभी राहतात आणि मग दोन्ही गट एकत्र नाचू लागतात. गाणे संपल्यावर बाहेर पडलेल्या तेव्याला गावचा फौजदार कानात सांगतो की लवकरच इथे काहीतरी दंगा घडवून आणावा लागणार आहे. म्हणजे एकाच गाण्यात मुलीचे लग्न ठरले आणि ज्यांच्याशी हातात हात घालून नाचलो त्यांच्यापासूनच धोका आहे हेही उभे राहिले. गाणे काढा, दोन्ही गोष्टी जातात.

पुढे मुलगी रडून शिंप्याशी लग्न करण्याची परवानगी मिळवते. आता बायकोला कसे सांगायचे? तेव्या रात्री किंचाळत उठतो आणि पडलेले स्वप्न सांगू लागतो: आजेसासू थडग्यातून आली, खाटकाची मेलेली बायको आली, तिने धमकी दिली. सगळे गाऊन, नाचून दाखवले जाते आणि सगळे खोटे असते. बायकोचा त्यावर विश्वास बसतो आणि लग्न बदलते. गाणे हे इथे एका पात्राने दुसऱ्याला मारलेली थाप आहे. संगीत नाटकातल्या पदात पात्र बहुधा मनातले खरेच सांगते, त्यामुळे आपल्या प्रेक्षकाला हा वापर नवा वाटतो आणि रंजकही.

*इशारा: ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणून गाजलेला सिनेमा आपोआप पहिला ठरत नाही. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) अप्रतिम आहे, परंतु त्यातली थट्टा मूकपटाकडून बोलपटाकडे जाताना हॉलिवूडची जी तारांबळ उडाली तिच्यावर आहे. ती पार्श्वभूमी नसलेल्याला निम्मे विनोद कळत नाहीत.*

उदाहरणापुरते दुसऱ्या माणसाचेही पाहू. साताऱ्याकडच्या जत्रांमध्ये तमाशा पाहत मोठा झालेला एखादा तरुण विचारत असेल, तर त्याला मंचावरचे गाणे परिचयाचे असते. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि मग वग हा क्रम त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. त्याला ‘फिडलर’ आधी देऊ नये. ‘पिंजरा’ त्याने पाहिलेला असेलच, त्याला जोडून योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचा ‘द ब्लू एंजल’ (१९३०) द्यावा. ‘पिंजरा’ची कथा त्याच मुळावर उभी आहे. मास्तर, मंचावरची बाई आणि मास्तरांची घसरण तशीच आहे, फक्त फडाच्या जागी जर्मन बंदरातला कॅबरे आहे. हा सिनेमा जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चित्रित झाला होता. जर्मन प्रत शोधावी, इंग्रजीत नटांचे बोलणे अडखळते.

टप्पा ४: हातातली प्रत आणि टीव्ही तपासून घ्यावा

निवड बरोबर असूनही सिनेमा फसतो तो या कारणांनी.

सर्वप्रथम सबटायटल्स. पुष्कळ प्रतींमध्ये संवादांचे भाषांतर असते आणि गाणे सुरू झाले की पडदा कोरा राहतो. गाण्यातून चालणाऱ्या सिनेमात याचा अर्थ निम्मी गोष्ट गायब होणे असा होतो. सिनेमा देण्याआधी स्वतः दोन गाण्यांवर जाऊन पाहावे. पहिल्या गाण्यावर सबटायटल्स दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये, मधले एखादे गाणेही तपासावे. डब केलेली प्रत टाळावी. तीत बोलणे एका आवाजात आणि गाणे दुसऱ्याच भाषेत व आवाजात असा प्रकार होतो आणि पात्र गाऊ लागले की ते दुसरेच कोणी वाटते.

वाचण्याचा वेग कमी असेल तर एक साधा उपाय आहे. प्रत्येक मुख्य गाण्याचा सारांश मराठीत एका ओळीत लिहून द्यावा. बाईंना दिलेल्या कागदावर असे लिहिले होते:

- गुत्ता: खाटकाला होकार. रशियन तरुण नाचात घुसतात, त्यांच्यातले अंतर पाहा.
- स्वप्न: सगळी थाप आहे, बायकोच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या.
- लग्न: मध्ये दोरी आहे, ती कोण ओलांडतो ते पाहा.

पुढे काय होणार ते कागदावर लिहू नये. कुठे पाहायचे एवढेच लिहावे.

यानंतर चौकट पाहावी. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झाले आहेत. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून घरातले कोणीतरी रिमोटने चित्र ‘मोठे’ करते आणि वरून डोके, खालून पाऊल कापले जाते. फ्रेड अस्टेअर यांचा आग्रह असे की नाचताना नर्तक डोक्यापासून पावलापर्यंत पूर्ण दिसला पाहिजे. त्यांच्या ‘टॉप हॅट’ (१९३५) सारख्या सिनेमात पावले कापली तर नाचाला अर्थच राहत नाही. ‘फिडलर’ची चौकट उलट फार रुंद आहे. तिथे चित्र मोठे केले की कडेची माणसे जातात आणि लग्नाच्या प्रसंगात नेमकी तीच हवी असतात. काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

अखेरीस आवाज. टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडला की आवाज किंचित मागून येतो. संवादात ते खपून जाते, नाचात नाही, कारण टाच आपटते आणि ठोका नंतर ऐकू येतो. ज्या प्रसंगात टाळ्या किंवा पावलांचा आवाज आहे तो लावून पाहावा. फरक जाणवला तर स्पीकर वायरने जोडावा किंवा टीव्हीचाच आवाज ठेवावा. नवीन टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोयही चालू असते. तिने जुना सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो, ती बंद करावी.

टप्पा ५: बैठका आखाव्यात आणि आधी फार बोलू नये

‘फिडलर’ सुमारे तीन तासांचा आहे. दीड तासात पाय आखडणाऱ्या व्यक्तीला तो एका दमात देणे ही हमखास होणारी चूक आहे. सुदैवाने या सिनेमाला त्याचे स्वतःचे मध्यंतर आहे आणि ते थोरलीच्या लग्नानंतर येते. पहिली बैठक तिथे संपवावी, दुसरी दुसऱ्या दिवशी.

लग्नाचा प्रसंग मात्र मध्येच तोडू नये. डोक्यावरच्या टोपीवर बाटली तोलत पुरुष गुडघ्यांवर पुढे सरकतात तो नाच पाहून लोक थक्क होतात आणि तिथेच ‘वा!’ म्हणून चहाला उठतात. खरी गोष्ट त्यानंतर घडते. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला आणि मध्ये दोरी. परगावाहून आलेला विद्यार्थी पर्चिक ती ओलांडून दुसऱ्या मुलीला, होडेलला नाचायला बोलावतो. एक पाऊल दोरीपलीकडे पडते आणि गावाची घडी विस्कटते. मग तेव्या बायकोला ओढून नाचू लागतो. इतके सगळे जवळजवळ भाषणाशिवाय, नाचातूनच कळते.

कथा आधी सांगू नये. बैठकीपूर्वी बोलायचे ते दोन वाक्यांत: हे कोणत्या मुलखातले, कोणत्या काळातले, आणि गाण्यात काय पाहायचे. सोबत बसला असाल तर गाणे चालू असताना समजावून सांगणे कटाक्षाने टाळावे.

*इशारा: गाण्यांच्या सुट्या चित्रफिती आधी पाठवू नयेत. स्वप्नाचे गाणे सुटे पाहिले तर ते भुताटकीचे एक विनोदी गाणे वाटते, थाप म्हणून ते कळूच शकत नाही.*

टप्पा ६: नंतर काय विचारावे आणि त्यावरून पुढे काय द्यावे

‘आवडला का?’ असे विचारले की ‘छान होता’ असे उत्तर येते आणि विषय तिथेच संपतो. ‘कोणते गाणे नसते तरी चालले असते?’ असे विचारावे. बाईंनी वेळ न लावता सांगितले की दुसऱ्या भागात हावा या तिसऱ्या मुलीसाठी असलेला नाचाचा तुकडा त्यांना नको वाटला: बाप मनातल्या मनात मुली नाचताना पाहतो, पण घडत काही नाही. हे उत्तर मोलाचे आहे. शब्दाविना नाचाने गोष्ट सांगितलेली त्यांना अजून पटलेली नाही, म्हणून चौथ्या गटाकडे लगेच जाऊ नये.

त्यांना दुसरा सिनेमा ‘शेरबुर्ग’ दिला. दीड तासाचा आहे, त्यामुळे एका बैठकीत बसतो. इथे सगळेच गायले जाते, पण गाणी थांबून आळवली जात नाहीत आणि गोष्ट ताटकळत नाही. पहिल्याच प्रसंगात गॅरेजमधले कामगार गाडीच्या दुरुस्तीविषयी गात बोलतात आणि त्यांतला एक म्हणतो की आपल्याला ऑपेरा आवडत नाही, सिनेमा बरा. प्रेक्षकाला इथे हसू आले तर तो पुढे टिकतो. चेहरा कोरा राहिला तर पंधरा मिनिटे थांबून पुन्हा विचारावे. तरीही गाण्यात बोलणे खटकत असेल तर ओढत नेऊ नये, पहिल्या गटातला ‘कॅबरे’ द्यावा. तो मुलाबाळांसमोर लावण्यासारखा मात्र नाही, हे आधीच सांगून ठेवावे.

ज्याला बाईंच्या उलट त्या नाचाच्या तुकड्यानेच पकडले असेल, त्याला ‘ब्लड वेडिंग’ द्यावा. तो सव्वा तासाच्या आत संपतो. फ्लामेंको नर्तकांची मंडळी तालमीच्या खोलीत येते, आरशासमोर रंग लावते आणि स्पॅनिश नाटककार लोर्का यांच्या नाटकाची गोष्ट जवळजवळ केवळ नाचून दाखवते. लावणीतल्या किंवा कथकातल्या पदन्यासाची सवय असलेल्याला या टाचांचा ठोका लगेच ओळखीचा वाटतो. शेवटी दोन पुरुषांची सुऱ्यांची झुंज आहे. तिथे संगीत थांबते आणि नर्तक स्वतःच संथ गतीने हलतात, कॅमेऱ्याची करामत नसते. हा प्रसंग चालू असताना घरातला पंखा, कुकर, फोन जे काही बंद करता येईल ते बंद करावे, कारण ऐकू येतो तो फक्त त्यांचा श्वास आणि पावलांचा आवाज.